पातळ लघवीचा छडा: विशिष्ट गुरुत्व, ऑस्मोलॅलिटी आणि डायबेटिस इन्सिपिडस

दिवसाला सहा-सात लिटर लघवी होते आणि तेवढंच पाणी प्यावं लागतं, अशी तक्रार घेऊन माणूस येतो. साखर तपासली जाते, ती नॉर्मल निघते. मग खरा प्रश्न उरतो: आधी काय? लघवी जास्त होते म्हणून तहान लागते, की पाणी जास्त प्यायलं जातं म्हणून लघवी होते? रुग्णाला विचारून उपयोग नसतो, कारण त्याला दोन्ही एकाच वेळी होत असतं आणि तो मनापासून सांगतो, "पाणी प्यायल्याशिवाय राहवतच नाही." याचं उत्तर लघवी आणि रक्त यांच्या आकड्यांतूनच काढावं लागतं.

हा लेख नवीन रेसिडेंट डॉक्टर, लॅबमधले तंत्रज्ञ आणि घरातल्या कुणाची अशी तपासणी चालू आहे ते नातेवाईक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. यातली पाणी बंद ठेवायची चाचणी घरी करून पाहण्याची नाही. डायबेटिस इन्सिपिडसच्या रुग्णाला, म्हणजे ज्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही त्याला, काही तास पाणी मिळालं नाही तर सोडियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं.

लघवी पातळ असणं कधी बरोबर, कधी चूक

मेंदूतला हायपोथॅलॅमस व्हॅसोप्रेसिन नावाचं हॉर्मोन तयार करतो आणि ते पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलं जातं. रक्त थोडं जरी घट्ट झालं तरी हे हॉर्मोन सुटतं, किडनीपर्यंत जातं आणि तिथे पाणी परत शोषून घ्यायला लावतं. त्यामुळे लघवी कमी आणि घट्ट होते. रक्त पातळ झालं की हॉर्मोन थांबतं आणि जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल प्रति किलो या पट्ट्यात राहते. (पुढे मी नुसता आकडा लिहीन, एकक हेच समजावं.) २८० च्या आसपास व्हॅसोप्रेसिन जवळजवळ बंद असतं आणि २९५ पर्यंत किडनी लघवी पुरेपूर घट्ट करू लागते. लघवीची ऑस्मोलॅलिटी मात्र ५० पासून १२०० पर्यंत कुठेही असू शकते. तिचा एकच एक असा नॉर्मल आकडा नाही.

म्हणून नुसता लघवीचा रिपोर्ट हातात धरून निदान होत नाही. रक्त २७८ असताना लघवी ८० असेल, तर किडनी अगदी योग्य काम करते आहे. रक्त ३०० असताना लघवी ८० असेल, तर कुठेतरी मोठा बिघाड आहे. लघवीचा आकडा तोच, अर्थ उलटा. या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

बिघाड दोन ठिकाणी असू शकतो. हॉर्मोनच कमी पडत असेल तर तो सेंट्रल डायबेटिस इन्सिपिडस. हॉर्मोन आहे पण किडनी ऐकत नसेल तर नेफ्रोजेनिक. २०२२ मध्ये यांना आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी आणि आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स अशी नवी नावं सुचवली गेली, कारण जुन्या नावातल्या 'डायबेटिस'मुळे वॉर्डात लोक साखरेच्या मागे लागत आणि या रुग्णाला लागणारं डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध, द्यायचं राहून जाई. तिसरी शक्यता म्हणजे प्रायमरी पॉलिडिप्सिया: हॉर्मोन ठीक, किडनी ठीक, पण पाणीच गरजेपेक्षा खूप प्यायलं जातं. काही मानसिक आजारांत हे दिसतं. "भरपूर पाणी प्या, शरीर साफ होतं" हा सल्ला फार मनावर घेतलेल्या धडधाकट माणसांतही आता वारंवार दिसतं.

पहिलं काम: लघवी खरंच किती होते ते मोजणं

अनेकांना वारंवार लघवी होते, पण दर वेळी थोडी. तो वेगळा विषय आहे. इथे चोवीस तासांचं एकूण माप हवं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ बघून वेळ लिहायची, आणि तिथपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी लघवी, त्या दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीसह, कॅनमध्ये जमा करायची. नेहमीचा लॅबचा कॅन या रुग्णांना पुरत नाही. आधीच दोन-तीन मोठे कॅन द्यावेत, नाहीतर संध्याकाळी कॅन भरतो आणि पुढचं सांडून जातं. त्या दिवशी पाणी नेहमीसारखंच प्यायचं, मुद्दाम जास्तही नाही आणि दाबूनही नाही.

मोठ्या माणसात चोवीस तासांत ३ लिटरपेक्षा जास्त, किंवा वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी झाली तरच पुढे जायचं. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन करून घ्यावं. ते वजनाच्या मानाने फारच कमी आलं तर जमा करण्यात चूक झाली आहे असं समजावं.

सोबत रक्तातली साखर, कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. कॅल्शियम वाढलेलं किंवा पोटॅशियम खूप उतरलेलं असेल तर किडनी व्हॅसोप्रेसिनला दाद देत नाही, आणि ते सुधारलं की लघवीही सुधारते. लिथियमच्या गोळ्यांबद्दल आवर्जून विचारावं. नेफ्रोजेनिक प्रकाराचं मोठ्या माणसांतलं ते नेहमीचं कारण आहे आणि घरचे पुष्कळदा "झोपेची गोळी चालू आहे" एवढंच सांगतात.

विशिष्ट गुरुत्व: स्वस्त, झटपट, आणि कुठे फसवतं

विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवी शुद्ध पाण्याच्या तुलनेत किती जड आहे. ऑस्मोलॅलिटी म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची संख्या. एसटीत किती माणसं चढली हे मोजणं वेगळं आणि गाडीचं वजन किती वाढलं हे मोजणं वेगळं. सगळी माणसं साधारण सारख्या वजनाची असतील तर एकावरून दुसऱ्याचा अंदाज येतो, पण चार पैलवान चढले की गणित बिघडतं. लघवीत हे पैलवान म्हणजे ग्लुकोज, प्रथिनं आणि सीटी स्कॅनसाठी दिलेला कॉन्ट्रास्ट.

असं काही नसेल तर एक सोपा अंदाज चालतो: दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या दोन अंकांना ३० ते ३५ ने गुणायचं. १.००३ म्हणजे सुमारे १००, १.०१० म्हणजे ३०० ते ३५०, १.०२० म्हणजे ६०० ते ७००. लघवीत दर १०० मिलिलिटरला १ ग्रॅम ग्लुकोज असेल तर गुरुत्व सुमारे ०.००४ ने चढतं, आणि तेवढंच प्रथिन असेल तर ०.००३ ने. कॉन्ट्रास्टनंतर ते १.०४० च्याही पुढे जाऊ शकतं. स्कॅन झालेल्या दिवशी हा आकडा वाचूच नये.

मोजण्याची तीन साधनं आपल्याकडे दिसतात आणि तिन्हींच्या चुका वेगळ्या आहेत.

काचेचा युरिनोमीटर अजून बऱ्याच ठिकाणी आहे. त्याला भरपूर लघवी लागते आणि तो नळीच्या कडेला चिकटला तर आकडा चुकतो. नळीत सोडताना बोटांनी हलकी गिरकी द्यावी, म्हणजे तो मधोमध मोकळा तरंगतो. फेस असेल तर टिपून घ्यावा आणि डोळा पातळीला आणून वाचावं. तो ज्या तापमानाला जुळवलेला असतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. लघवी त्याहून गरम असेल तर दर ३ अंश सेल्सिअसमागे ०.००१ मिळवायचं, थंड असेल तर वजा करायचं.

रिफ्रॅक्टोमीटरला एक-दोन थेंब पुरतात. रोज सकाळी त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून १.००० येतं का ते पाहावं. इथे नेमकी खालच्या टोकाची लघवी मोजायची असते. १.००० च्या जागी १.००३ दाखवणारं यंत्र डायबेटिस इन्सिपिडसची लघवी बऱ्यापैकी घट्ट करून दाखवेल.

तिसरी म्हणजे पट्टी. ती वजन मोजत नाही आणि सगळे कणही मोजत नाही, फक्त विद्युतभारित कणांवरून रंग बदलते. त्यामुळे ग्लुकोज आणि युरिया तिला दिसत नाहीत, प्रथिनं मात्र तिचा आकडा वाढवतात. लघवी अल्कलाइन असेल, म्हणजे पीएच ६.५ किंवा वर, तर पट्टी कमी दाखवते, आणि बऱ्याच पट्ट्यांवर अशा वेळी ०.००५ मिळवायला सांगितलेलं असतं. मोठी अडचण वेगळीच आहे. पट्टीची एक पायरीच ०.००५ ची, म्हणजे १५० ते १७५ मिलिऑस्मोलची असते. "लघवी अतिशय पातळ आहे" एवढं सांगायला ती ठीक. पुढच्या चाचणीत तासागणिक ३० चा फरक पकडायचा असतो, तिथे तिचं काम नाही.

तरीही विशिष्ट गुरुत्वाने एक प्रश्न घरबसल्या सुटू शकतो. सकाळची पहिली लघवी, रात्रभर पाणी न पिता, १.०२० च्या वर आली आणि लघवीत साखर-प्रथिनं नसली, तर किडनी आणि हॉर्मोन दोन्ही काम करत आहेत. त्याच नमुन्याची ऑस्मोलॅलिटी ७०० च्या वर आली तर डायबेटिस इन्सिपिडस जवळपास बाद होतो. इथे आपल्याकडची एक सवय आड येते. पुष्कळ घरांत उठल्याउठल्या उषःपान म्हणून तांब्याभर पाणी पितात, मग लघवीला जातात आणि बाटली भरतात. नमुना पाण्याच्या आधी घ्यायचा, हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. रात्री उठून पाणी प्यायलं का, तेही विचारून कागदावर लिहावं. ज्याला तहान सहन होत नाही त्याला हा नमुना देण्यासाठी मुद्दाम पाणी बंद करायला सांगू नये.

ऑस्मोलॅलिटी आणि एक छोटा गुणाकार

ऑस्मोमीटर बहुतेक गोठणबिंदूवर चालतो. दर किलो पाण्यात १ ऑस्मोल कण असले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो, त्यावरून कण किती ते यंत्र काढतं. नमुना गढूळ असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करावा आणि झाकण घट्ट ठेवावं. लघवी आणि रक्त एकाच वेळी, म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या अंतराने घ्यावं. सकाळचं रक्त आणि दुपारची लघवी यांची जोडी लावून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण मधल्या वेळात रुग्णाने दोन लिटर पाणी प्यायलेलं असू शकतं.

आकडा आला की चोवीस तासांच्या लिटरने त्याला गुणायचं. माणूस रोज साधारण ६०० ते ९०० मिलिऑस्मोल कण लघवीवाटे टाकतो, हा आकडा आहारावर ठरतो. ७ लिटर गुणिले ११० म्हणजे ७७०. कण नेहमीएवढेच आहेत, जादाचं आहे ते फक्त पाणी. म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत. याउलट ५ लिटर गुणिले ३५० म्हणजे १७५०. इथे कणच पाण्याला ओढून नेत आहेत. ग्लुकोज, युरिया, मॅनिटॉल किंवा सलाइनमधून गेलेलं मीठ शोधा, पाणी बंद ठेवायची चाचणी करायचं कारण नाही. ही एक ओळ न मांडल्यामुळे चुकीच्या रुग्णावर दिवसभराची चाचणी झालेली मी पाहिली आहे.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी मोजायची सोय नसेल तर गणिताने काढता येते: सोडियमची दुप्पट, अधिक ग्लुकोज भागिले १८, अधिक युरिया भागिले ६. परदेशी पुस्तकांत शेवटचा भाग २.८ ने भागलेला दिसतो, कारण ते ब्लड युरिया नायट्रोजन वापरतात. आपल्याकडच्या बहुतेक लॅब सरळ ब्लड युरिया देतात, त्याला ६ ने भागायचं. रिपोर्टवर नेमकं काय छापलं आहे ते आधी बघावं. युरिया ३० असताना २.८ ने भागलं तर उत्तर सुमारे ६ ने जास्त येतं, आणि इथे आपण २८९ की २९५ यावर निर्णय घेत असतो.

चाचणीआधीच उलगडा होतो का ते बघा

पाणी नेहमीसारखं पिऊन आलेल्या रुग्णाच्या रक्तावरूनही बरंच कळतं. जास्त पाणी पिणाऱ्याचं रक्त पातळतेकडे झुकतं: सोडियम १३५-१३७ च्या आसपास, ऑस्मोलॅलिटी २८० च्या खाली. लघवी पातळ आणि रक्तही पातळ, तर आधी पाणी आणि मग लघवी असा क्रम बहुधा धरता येतो. डायबेटिस इन्सिपिडसमध्ये रुग्ण सतत मागे पडलेला असतो, म्हणून सोडियम वरच्या टोकाला असतं. ते १४७ किंवा जास्त असेल आणि तेव्हाही लघवी रक्तापेक्षा पातळ असेल, तर डायबेटिस इन्सिपिडस सिद्धच झाला. अशा रुग्णाचं पाणी बंद करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याला थेट डेस्मोप्रेसिन देऊन सेंट्रल की नेफ्रोजेनिक एवढंच बघायचं.

इतिहासातूनही काही धागे मिळतात. सेंट्रल प्रकार बऱ्याचदा अचानक सुरू होतो, रुग्ण "त्या आठवड्यापासून" असं सांगू शकतो, रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितो आणि त्याला थंडगार पाणीच हवं असतं. जास्त पाणी पिणारा बहुधा रात्री सलग झोपतो आणि त्याचं माप दिवसागणिक बदलतं. हे धागे आहेत, पुरावा नव्हे.

कोर्टिसोल आणि थायरॉइड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोर्टिसोल कमी असेल तर किडनीला पाणी बाहेर टाकणंच जमत नाही, त्यामुळे डायबेटिस इन्सिपिडस झाकला जातो. मग स्टेरॉइड सुरू केलं की दोन दिवसांत लघवीचा पूर येतो. पिट्युटरीच्या आजारात हे नेहमी आठवावं.

पाणी बंद ठेवायची चाचणी, एका रुग्णाच्या आकड्यांसह

समजण्यासाठी एक रुग्ण घेऊ: २९ वर्षांचा तरुण, वजन ६० किलो, चार महिन्यांपासून रोज ७ लिटर लघवी. साखर, कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, कोर्टिसोल, थायरॉइड ठीक. सोडियम १४१, ग्लुकोज ९०, युरिया १८. गणिताने २८२ अधिक ५ अधिक ३, म्हणजे २९०. यंत्राने २८९. लघवीचं गुरुत्व १.००३, ऑस्मोलॅलिटी ११०. सोडियम मधोमध, त्यामुळे कुठलीच बाजू ठरत नाही. चाचणी करायलाच हवी.

रात्री त्याला हवं तेवढं पाणी पिऊ द्यायचं, चहा, कॉफी, दारू आणि सिगारेट मात्र नाही. सकाळी ८ वाजता लघवी करवून घ्यायची, वजन करायचं, रक्त आणि लघवी पाठवायची आणि तिथून पाणी बंद. यानंतर दर तासाला लघवीचं माप, ऑस्मोलॅलिटी आणि वजन. दर दोन तासांनी रक्त, आणि शेवटी लघवीचा आकडा ठरू लागला की दर तासाला. वजन काटा एकच आणि अंगावर कपडे तेच. सुरुवातीच्या वजनातून ३ टक्के वजा केल्यावर येणारा आकडा आधीच काढून फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. इथे तो ५८.२ किलो. त्याच्या खाली काटा गेला की चाचणी थांबवायची, वाद घालायचा नाही. सोडियम १४५ च्या वर गेलं, रक्त ३०० च्या आसपास पोचलं, रुग्ण घाबराघुबरा झाला किंवा रक्तदाब उतरला तरीही थांबायचं.

| वेळ | वजन | लघवीची ऑस्मोलॅलिटी | सोडियम | रक्ताची ऑस्मोलॅलिटी |
|---|---|---|---|---|
| ८ | ६०.० | ११० | १४१ | २८९ |
| १० | ५९.४ | १५० | १४२ | २९१ |
| १२ | ५९.० | २४० | १४४ | २९५ |
| १ | ५८.८ | ३२० | – | – |
| २ | ५८.७ | ३४० | १४५ | २९७ |
| ३ | ५८.५ | ३४५ | १४६ | २९९ |

दुपारी १ नंतर लघवी जवळपास अडली आहे. एका तासात २० चा फरक, पुढच्या तासात ५ चा. लागोपाठ दोन तास वाढ ३० पेक्षा कमी राहिली की लघवीने आपली वरची मर्यादा गाठली असं धरतात. इकडे रक्त २९९ पर्यंत पोचलं आहे, म्हणजे हॉर्मोन सुटायला पुरेपूर कारण मिळालं. निरोगी माणसाची लघवी एवढ्यात ८०० च्या पुढे गेली असती. ३ वाजता डेस्मोप्रेसिनचं २ मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दिलं. ४ वाजता लघवी ५२०, ५ वाजता ६१०. वाढ २६५, म्हणजे ३४५ च्या सुमारे ७७ टक्के.

आता वाचन. पाणी बंद असताना लघवी ३०० च्या खालीच राहिली आणि इंजेक्शननंतर ५० टक्क्यांहून जास्त वाढली, तर तो पूर्ण सेंट्रल प्रकार. ३०० च्या खाली राहिली आणि इंजेक्शनलाही फारशी हलली नाही, तर नेफ्रोजेनिक. पाणी बंद असतानाच ८०० च्या वर गेली, तर डायबेटिस इन्सिपिडस नाही. आपल्या तरुणाची लघवी ३४५ ला अडली आणि बाहेरून दिलेल्या हॉर्मोनने खूप वाढली. म्हणजे त्याचं स्वतःचं हॉर्मोन थोडं सुटतं, पण पुरत नाही. हा अर्धवट सेंट्रल प्रकार. पुढची पायरी पिट्युटरीचा एमआरआय, कारण हॉर्मोन का आटलं ते शोधायचं असतं.

जिथे खरी फसगत होते

दुसरी रुग्ण घ्या. ४६ वर्षांची बाई, वजन ५५ किलो, दोन-तीन वर्षांपासून तब्येतीसाठी म्हणून रोज ६ लिटर पाणी. रात्री उठत नाही. सोडियम १३६, रक्त २७९, लघवी ८५. चाचणी तिच्यावर जास्त वेळ चालली, कारण सुरुवातच पातळ रक्तापासून झाली. संध्याकाळी वजन ५३.६, सोडियम १४२, रक्त २९३, आणि लघवी ५६० ला अडली. इंजेक्शननंतर ५८५.

तिची लघवी ८०० ला का पोचली नाही? वर्षानुवर्षं पाण्याचा लोंढा चालू राहिला की किडनीच्या आतल्या भागात साठलेली कणांची दाटी धुऊन निघते आणि पाणी शोषणाऱ्या वाहिन्याही कमी होतात. हॉर्मोन भरपूर असूनही लघवी मधल्याच आकड्यावर अडते. त्यामुळे ३०० ते ८०० या पट्ट्यात अर्धवट डायबेटिस इन्सिपिडस आणि जुनं अतिपाणी दोन्ही येऊन बसतात. तिथे इंजेक्शननंतरची वाढ बघायची. तरुणाची ७७ टक्के होती, हिची ४.५ टक्के. हिचं स्वतःचं हॉर्मोन आधीच पुरेसं होतं, म्हणून बाहेरच्याने काही भर पडली नाही. साधारण १० टक्के ही रेषा धरतात.

पण ही रेषा दगडावरची नाही. वाढ ८ किंवा १४ टक्के आली तर मी त्यावर निदान लावत नाही. दोन गोष्टी आधी तपासाव्यात. एक, रक्त २९५ च्या जवळपास पोचलं होतं का? २८६ वर असतानाच वेळ संपली म्हणून इंजेक्शन दिलं, तर हॉर्मोनला सुटायला कारणच मिळालेलं नसतं आणि निरोगी माणूसही अर्धवट डायबेटिस इन्सिपिडससारखा दिसतो. दोन, चोरून पाणी प्यायलं गेलं का? हे वजन सांगतं. दोन तासांत ५०० मिलिलिटर लघवी झाली तर काटा किमान अर्धा किलो उतरायलाच हवा, शिवाय घाम आणि श्वासातून जातं ते वेगळं. वजन उतरलं नाही किंवा सोडियम खाली आलं, तर पाणी पोटात गेलेलं आहे. बाथरूमचा नळ, तोंड धुणं, नातेवाइकाची बाटली, सगळं बघावं. तहान ही असह्य गोष्ट आहे, रुग्णाला बोल लावू नये. पण तो दिवस बाद धरून चाचणी पुन्हा करावी.

या चाचणीची मर्यादा आकड्यांत सांगायची तर, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाणी बंद ठेवायच्या चाचणीने ७६.६ टक्के रुग्णांतच बरोबर निदान दिलं. त्याच रुग्णांत ३ टक्के सलाइन देऊन सोडियम १५० पर्यंत नेलं आणि रक्तातलं कोपेप्टिन मोजलं, तेव्हा ९६.५ टक्के निदानं बरोबर आली. कोपेप्टिन व्हॅसोप्रेसिनसोबतच सुटतं आणि मोजायला सोपं असतं. ४.९ पिकोमोल प्रति लिटरच्या वर गेलं तर जास्त पाणी पिण्याकडे निदान झुकतं, त्याखाली राहिलं तर सेंट्रल प्रकाराकडे. काही न करता सुरुवातीलाच २१.४ च्या वर असेल तर नेफ्रोजेनिक. ही तपासणी सगळीकडे होत नाही, आणि सलाइनची चाचणी सोडियमवर सतत नजर ठेवूनच करावी लागते. मधल्या पट्ट्यात अडकलेल्या रुग्णाला मात्र तिथे पाठवणं योग्य.

चाचणी संपल्यावरची रात्र

इंजेक्शनचा परिणाम बरेच तास टिकतो. तोवर किडनी पाणी बाहेर सोडत नाही, आणि दिवसभर तहानलेला माणूस घडाघडा पाणी पितो. जास्त पाणी पिणाऱ्या रुग्णात सोडियम इतकं घसरू शकतं की झटके येतील. म्हणून चाचणीत जेवढी लघवी झाली त्याच्या दीडपट ते दुप्पट, त्याहून जास्त पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत द्यायचं नाही. आपल्या तरुणाला दिवसभरात साधारण ११०० मिलिलिटर लघवी झाली होती, म्हणजे त्याला १६५० ते २२०० मिलिलिटर. आकडा नर्स आणि नातेवाईक दोघांना सांगावा, रात्री डोकं दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच सोडियम करावं, आणि तसं काही नसलं तरी सकाळी एकदा करावंच. याच कारणाने "बघू या फरक पडतो का" म्हणून डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या घरी देऊन निदान करण्याचा मार्ग मला मान्य नाही.

त्या बाईंना गोळी लागली नाही. पाणी एकदम तोडायचं नाही, दर आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कमी करायचं, तोंड कोरडं पडलं तर बर्फाचा तुकडा चघळायचा, आणि रोज प्यायलेलं पाणी वहीत लिहायचं. किडनीतली कणांची दाटी हळूहळू परत भरून येते. दर पंधरा दिवसांनी उषःपानाआधीच्या पहिल्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघत राहायचं. ते १.०१२ वरून १.०१५, मग १.०२० कडे सरकू लागलं की निदान बरोबर होतं असं कळतं. पाणी खरोखर कमी करूनही ते जागचं हललं नाही, किंवा सोडियम चढू लागलं, तर पाणी कमी करणं थांबवून पहिल्या पायरीपासून पुन्हा बघावं लागतं.